शेंडा पुढे की मागे? गळ्यातल्या रुमालाचं वर्णन करायचं तर

जळगावात भाड्याने कपडे देण्याचं माझं छोटं दुकान आहे. शाळांची गॅदरिंग, हौशी नाटकं, फॅन्सी ड्रेस असं सगळं. दोन वर्षांपूर्वी चोपड्याकडच्या एका शाळेतून बाईंचा फोन आला. चोवीस मुलांचा नाच होता आणि सगळ्यांच्या गळ्यात लाल रुमाल हवे होते. मुलं आसपासच्या खेड्यांतली, घरूनच तयार होऊन येणार. त्यामुळे बाई म्हणाल्या, "भाऊ, रुमाल कसा बांधायचा ते चार ओळींत लिहून द्या, मी पालकांच्या ग्रुपवर टाकते." मी लिहून दिलं: "रुमालाची त्रिकोणी घडी घालून गळ्यात बांधावा. गाठ व्यवस्थित बसवावी."

कार्यक्रमाचा फोटो आला तेव्हा माझ्या त्या दोन ओळींची लायकी मला कळली. काहींचा त्रिकोण छातीवर होता, काहींचा स्काउटसारखा पाठीवर. काहींनी गाठ खांद्यावर घेतली होती. एकाने रुमालाची गुंडाळून दोरीच केली होती, आणि दोन पोरी चक्क टापशी बांधून नाचत होत्या. गंमत म्हणजे यातलं कुणीच चुकलं नव्हतं. त्रिकोणी घडी प्रत्येकाने घातली होती. चूक माझ्या वर्णनाची होती.

तो फोटो मी मामांना दाखवला. मामा मूळचे अमळनेरचे, सगळी नोकरी भुसावळला रेल्वेत झाली. नोकरीत असताना त्यांनी प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलं होतं आणि पुढे कित्येक वर्षं नव्या पोरांना ते शिकवायचे. त्यांनी फोटो बघितला, हसले आणि म्हणाले, "तू रुमालाच्या अवयवांची नावंच सांगितली नाहीस रे भाऊ. मंग पोरं काय करतीन?"

त्यांच्या शिक्षणात त्रिकोणी पट्टी नावाची एक गोष्ट असते. साधारण एक मीटरचं चौकोनी सुती कापड कर्णावर कापलं की दोन त्रिकोणी पट्ट्या होतात. हात झोळीत घालायला, डोक्याची जखम बांधायला, खपच्या आवळायला तीच एक वापरतात. एकाच कापडाने इतकी कामं करायची म्हटल्यावर तोंडी सूचना पक्क्या लागतात, म्हणून त्या त्रिकोणाच्या भागांना ठरलेली नावं आहेत. लांब बाजू म्हणजे पाया. पायासमोरचा कोपरा म्हणजे शेंडा. पायाच्या दोन्ही शेवटांना असतात ती टोकं. एक पाया, एक शेंडा, दोन टोकं. एवढ्या नावांवर बंडाना, स्काउटचा स्कार्फ, रेशमी चौकोन यांतल्या कशाचंही वर्णन करता येतं. क्रॅव्हॅट म्हणजे गळ्यात बांधायचा लांब पट्टा, तिची जात थोडी निराळी, तिच्याकडे शेवटी येतो.

आधी नावांचा एक घोळ निस्तरू. 'बंडाना' हे कापडाचं नाव आहे. तो शब्द आपल्याच 'बांधणी'च्या घराण्यातला. बांधून रंगवलेले ठिपक्यांचे रेशमी रुमाल इथून विलायतेला जायचे, त्यांच्याबरोबर नावही गेलं. आज बाजारात लाल किंवा निळ्या सुती कापडावर पांढरी कोयरी छापलेला जो रुमाल मिळतो, तो त्याचाच नातू. गळरुमाल म्हणजे नेकरचीफ, हे मात्र कापडाचं नाव नाही, वापराचं आहे. तोच बंडाना डोक्याला बांधला की गळरुमाल राहत नाही. रेशमी चौकोन हे पुन्हा कापडाचं नाव, आणि तो गळ्यात, केसांत, पर्सच्या कडीला कुठेही जातो. म्हणून "तिने बंडाना घातला होता" या वाक्यातून कापड कळतं, बाकी काही कळत नाही. बांधलेला रुमाल वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभा करायचा तर घडी, गाठ आणि जागा या तीन गोष्टी सांगाव्या लागतात. त्या याच क्रमाने सांगितलेल्या बऱ्या, कारण हातही त्याच क्रमाने चालतात.

घडीपासून सुरुवात करतो. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

चौकोनी रुमाल घ्या. त्याची एक कड दोन्ही हातांत धरून ताणा. कापड फारसं हलत नाही, कारण तुम्ही धाग्याच्या दिशेने ओढताय. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून ताणा. कापड रबरासारखं थोडं लांबतं. शिंपी यालाच उरेब म्हणतात. ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी लावतात ती याचसाठी, ती गोलाईत न चुण्या पडता वळते. रुमालाची त्रिकोणी घडी घातली की त्रिकोणाचा पाया नेमका कर्णावर येतो, म्हणजे उरेबवर. म्हणून तो मानेला चिकटून बसतो आणि मान वळवली तरी काचत नाही. उलट, वही मिटावी तशी काठाला काठ जुळवून घडी घातली तर पट्टी ताठ राहते, मानेपासून फटकून उभी राहते, आणि आखूडही पडते.

किती आखूड, ते हिशेबाने बघू. कर्ण बाजूच्या १.४१ पट असतो. बाजारातला नेहमीचा बंडाना साधारण ५५ सेंमीचा. काठाला काठ जुळवला तर लांबी ५५च राहते, कर्णावर घडी घातली तर ७८ होते. मोठ्या माणसाची मान ३८ सेंमीच्या आसपास धरा. पहिल्या घडीत गाठीसाठी उरले १७, म्हणजे दोन्हीकडे साडेआठ. त्यात गाठ बसेलही, पण टोकं उंदराच्या शेपटाएवढी दिसतील. दुसऱ्या घडीत उरले ४०, दोन्हीकडे वीस-वीस. मी दुकानात मोजून बघितलंय, सुती रुमालाची साधी दुहेरी गाठ प्रत्येक बाजूचे पाचेक सेंमी खाते. तरी पंधरा उरतात.

याचा फोटो वाचतानाही उपयोग होतो. गाठीतून बाहेर आलेली टोकं निमुळती, कोपऱ्यासारखी असतील तर घडी कर्णावरची. ती बोथट, काठ सरळ कापल्यासारखी असतील तर घडी काठावरची, किंवा मुळात कापड चौकोनी नसून लांब पट्टा आहे. घडी स्वतः बघितली नसली तरी टोकं तिची ओळख देतात.

त्रिकोण झाल्यावर दोन रस्ते फुटतात. एक, त्रिकोण मोकळा ठेवायचा. दोन, त्याची पट्टी करायची. पट्टी करताना शेंडा आणून पायाच्या मध्यावर टेकवतात, मग त्याच दिशेने पुन्हा दुमडतात. ही झाली रुंद पट्टी. आणखी एकदा दुमडली की अरुंद पट्टी. मामांच्या प्रथमोपचारातल्याच या संज्ञा, पण गळ्यातल्या रुमालाला तंतोतंत लागू पडतात. ५५च्या बंडानाचा त्रिकोण शेंड्यापासून पायापर्यंत ३९ सेंमी उंच असतो. एका दुमडीत वीस, दुसऱ्यात दहा, तिसऱ्यात पाच. म्हणजे "अरुंद पट्टी" म्हटलं की वाचणाऱ्याला साधारण तीन बोटं रुंदी कळते. नुसतं "गुंडाळून" म्हटलं की त्याच्या मनात दोरीही येऊ शकते आणि माठाखालची चुंबळही.

मोकळ्या त्रिकोणाची आणि पट्टीची एक मधली जातही आहे. पायाकडून गुंडाळत यायचं आणि शेंड्याकडचा भाग सोडून द्यायचा. स्काउटचा स्कार्फ असाच असतो. पुढे दोन गुंडाळलेल्या वाती, मागे पाठीवर छोटा त्रिकोण. तिथे गाठीऐवजी वॉगल नावाचं कडं असतं, तेव्हा वर्णनात गाठीच्या रकान्यात "गाठ नाही, कडं" असंच लिहायचं.

आता जागा, म्हणजे शेंडा कुठे आणि टोकं कुठून कुठे. माझ्या चोवीस पोरांचा घोटाळा इथेच झाला. त्रिकोणी घडी सांगितली, पण शेंडा कोणत्या बाजूला ठेवायचा ते सांगितलंच नाही. शेंडा पुढे ठेवला तर पाया गळ्यावर आडवा येतो, टोकं मागे जातात आणि गाठ मानेवर बसते. शेंडा मागे ठेवला तर सगळं उलटं: टोकं पुढे, गाठ हनुवटीखाली. पाया नाकावर चढवला की तोंड झाकलं जातं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत मोटारसायकल चालवणारा आपल्याकडचा कुणीही ते न शिकवता करतो. पाया कपाळावर घेऊन टोकं हनुवटीखाली बांधली की टापशी. तीच टोकं डोक्यामागे बांधली की बंडानाची सगळ्यांना ठाऊक असलेली तऱ्हा. यातही एक बारीक भेद आहे. मागे लोंबणारा शेंडा गाठीच्या खाली दबलाय की गाठीवरून मोकळा पडलाय? खाली दबला असेल तर रुमाल डोक्याला चापून बसतो आणि वाऱ्याने उडत नाही. मोकळा असेल तर नुसता दिसायला बरा. कपाशी वेचणारी बाई शेंडा दाबल्याशिवाय राहणार नाही.

शेंडा पुढे असताना टोकं मागे बांधायची की मागे फुली मारून परत पुढे आणायची, हाही प्रश्न असतो. इथे हिशेब उपयोगी पडतो. मानेला दोन वेढे द्यायचे म्हणजे ७६ सेंमी लागणार. बंडानाचा पाया ७८. गाठीला उरले दोन. म्हणजे "त्याने बंडाना मानेला दोनदा गुंडाळून पुढे गाठ मारली" असं कुणी लिहिलं तर एकतर तो मोठा रुमाल होता किंवा लिहिणाऱ्याने बघितलेलंच नाही. रेशमी चौकोन बहुधा ९० सेंमीचा असतो. फ्रान्समधल्या एर्मेसने १९३७ साली काढलेल्या रेशमी चौकोनाने हेच माप रूढ केलं. त्याचा कर्ण १२७. दोन वेढे गेले तरी ५१ उरतात, तिथे फुली मारून पुढे गाठ आरामात बसते. नाटकवाले माझ्याकडे "तसाच, पण स्वस्तात" म्हणून बंडाना मागतात तेव्हा मी आधी हा हिशेब सांगतो.

जागेत सगळ्यात जास्त गोंधळ डाव्या-उजव्याचा. गाठ "डाव्या बाजूला" म्हणजे कुणाच्या डाव्या? मी एक नियम धरलाय: नेहमी बांधणाऱ्याच्या अंगाचा डावा. बघणाऱ्याचा नाही, आरशातला नाही. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याचे फोटो तर काही वेळा उलटे जतन होतात, त्यामुळे फोटोवरून बाजू लिहिण्याआधी मी शर्टाची बटणपट्टी बघतो. पुरुषांच्या शर्टात काजं अंगाच्या डाव्या पल्ल्यावर असतात आणि तो पल्ला वर येतो. फोटोत उजवा पल्ला वर दिसला तर फोटो उलटा आहे, म्हणजे गाठही उलट्या बाजूला दिसतेय. बायकांच्या शर्टात हे बहुधा उलट असतं, तिथे ही युक्ती जपून.

राहिली गाठ. मराठीत गाठीच्या दोन मोठ्या जाती आपल्या आजीलाही ठाऊक असतात. सुरगाठ म्हणजे एक टोक ओढलं की सुटणारी, निरगाठ म्हणजे आवळून बसणारी. रुमालाच्या वर्णनात हा भेद आधी सांगावा. पण गळरुमालाची नेहमीची गाठ ही दोन अढ्यांची असते, आणि तिच्यात एक सापळा आहे. मामांनी माझ्या त्या फोटोतल्या एका पोरावर बोट ठेवून विचारलं होतं, "ह्या पोऱ्याच्या गाठीची टोकं आडवी शेत का उभी?"

उभी होती. एक टोक हनुवटीला टोचत होतं, दुसरं छातीकडे लोंबत होतं. शेजारच्या मुलीची टोकं मिशांसारखी आडवी, दोन्ही खांद्यांकडे. दोघांनीही दोन अढे घातले होते.

फरक असा. उजवं टोक डाव्यावरून नेऊन खालून काढलं की पहिला अढा झाला. आता जे टोक वरून गेलं होतं ते डावीकडे आलंय. दुसऱ्या अढ्यातही तेच टोक वर ठेवून दुसऱ्यावरून नेलं, तर होते ती चौकोनी गाठ. स्काउटमधली पोरं तिला रीफ नॉट म्हणतात. पण दुसऱ्या वेळी सवयीने पुन्हा उजवंच टोक वर घेतलं, तर आता ते टोक पहिल्या वेळचं नसतं, दुसरंच असतं. मग होते ग्रॅनी नॉट. चौकोनी गाठीत प्रत्येक टोक आपल्याच फाट्याला, म्हणजे मानेकडून गाठीत येणाऱ्या आपल्याच भागाला, चिकटून, त्याच्याबरोबरच बाहेर पडतं. म्हणून टोकं मानेभोवतीच्या कापडाच्या रेषेत आडवी राहतात आणि गाठ चपटी बसते. प्रथमोपचारात हीच गाठ सांगतात त्याचं कारणही हे, चपटी गाठ खाली टोचत नाही. ग्रॅनीत टोकं काटकोनात फिरतात, गाठ गोळा होते आणि हलली की सरकते. बुटाच्या नाडीचं फूल आडवं न बसता उभं राहत असेल तर तिथेही हीच चूक असते. करून बघा.

म्हणून मी आता "उजवं डाव्यावरून, डावं उजव्यावरून" असं लिहून देत नाही. ते वाचता वाचता माणूस हातांकडे बघतो आणि गडबडतो. "पहिल्यांदा जे टोक वर होतं, तेच दुसऱ्यांदाही वर" एवढंच लिहितो. डावखुऱ्या मुलालाही ते चालतं, कारण सुरुवात कोणत्या हाताने केली याने गाठ बदलत नाही.

चौकोनी गाठीचीही एक मर्यादा आहे. एकच टोक धरून ते त्याच्याच फाट्यापासून उलट दिशेला सरळ ओढलं की गाठ उलटते आणि दुसऱ्या टोकाचे वेढे त्यावरून अलगद घसरून येतात. आवळलेला रुमाल सोडायची ही सोपी युक्ती आहे, पण नाचताना कुणी टोक ओढलं तर हाच अपघात. सुती रुमालात धागा धाग्याला धरतो, म्हणून तितकी भीती नाही. रेशमात किंवा चकचकीत पॉलिस्टरात आहे.

आता त्याच नाचाचा दुसरा प्रयत्न सांगतो. पुढच्या वर्षी त्याच बाईंनी पुन्हा मागणी दिली. मी आधी रुमाल बदलले. पहिल्या वर्षी खिशातले ३८ सेंमीचे दिले होते. मुलांची मान ३० सेंमी धरली तर ५४ मधून उरले २४, गाठ जाऊन टोकाला जेमतेम सात सेंमी, तेवढ्यात पोरांची बोटंच पुरत नव्हती. या खेपेला लाल कापड आणून ४५चे चौकोन कापून घेतले. कर्ण ६४, टोकं बारा-बारा सेंमी. कापणाऱ्याला बजावलं की चौकोन खरोखर चौकोन हवा. त्यातही तीन-चार ४३ बाय ४७ निघाले. ते ओळखायला टेपही लागत नाही. कर्णावर घडी घातली की वरचा कोपरा खालच्यावर बसत नाही, बाजूला झुकतो, आणि गळ्यात शेंडा मधोमध न येता एका खांद्याकडे सरकतो. ते परत दिले.

मग संदेश लिहिला तो असा: "रुमालाचे समोरासमोरचे दोन कोपरे जुळवा, म्हणजे त्रिकोण होईल. लांब बाजू गळ्यावर आडवी धरा, तिच्यासमोरचा कोपरा छातीवर खाली लोंबू द्या. दोन्ही टोकं मानेमागे न्या आणि कॉलरखाली दोनदा गाठ मारा. पहिल्यांदा जे टोक वर होतं तेच दुसऱ्यांदाही वर ठेवा. बांधून झाल्यावर गळा आणि रुमाल यांच्यात दोन बोटं गेली पाहिजेत. छातीवरचा कोपरा शर्टाच्या बटणांच्या रेषेत हवा."

यात 'पाया' आणि 'शेंडा' हे शब्द नाहीत हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते शब्द मला विचार करायला लागतात. पालकांना "लांब बाजू" आणि "तिच्यासमोरचा कोपरा" कळतं. ग्रुपवर टाकण्याआधी मी तो संदेश दुकानातल्या पोराला फोनवर वाचून दाखवला. तो आत गोदामात, मी बाहेर गल्ल्यावर, एकमेकांना न दिसता. त्याने बांधून आणला तो बरोबर होता, फक्त पहिल्या खेपेला रुमाल त्याने कॉलरच्या वरून घेतला. म्हणून "कॉलरखाली" हा शब्द नंतर घातला. वर्णन पुरतं की नाही हे तपासायची याहून चांगली रीत मला सापडलेली नाही. गाठ मागे का ठेवली? पुढे छातीवर रंगाचा सलग त्रिकोण दिसावा म्हणून, आणि उभ्या-आडव्या टोकांची भानगड प्रेक्षकांना दिसू नये म्हणूनही. त्या वर्षीच्या फोटोत चोवीसच्या चोवीस शेंडे छातीवर होते.

रेशमी चौकोनाबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. त्याची पट्टी करताना शेंडा पायावर आणायची रीत चालते, पण दुमडी एकाच बाजूला साचतात आणि ती कड जाड होते. पातळ रेशमात ते कुणाला दिसत नाही, जाड विणीच्या रेशमात दिसतं. म्हणून जाणकार दुसरी घडी घालतात. त्रिकोण करायचाच नाही. समोरासमोरचे दोन कोपरे चौकोनाच्या मध्यावर आणायचे, मग झालेल्या दोन्ही कडा पुन्हा मधल्या रेषेवर आणायच्या, आणि हवी तेवढी रुंदी येईपर्यंत असंच. लांबी तीच, १२७, पण जाडी दोन्हीकडे सारखी वाटली जाते, आणि दुमडलेले कोपरे आत लपतात. वर्णनात याला मी "दोन्हीकडून मध्यावर घडी" म्हणतो आणि आधीच्या घडीला "त्रिकोणातून पट्टी". बांधल्यावर ओळखायचं कसं? पट्टीच्या मागच्या बाजूला मधोमध दोन कडा भेटल्याची रेघ दिसली तर दोन्हीकडून मध्यावर घडी, नाही तर त्रिकोणातून पट्टी.

राहिली क्रॅव्हॅट. मघाशी म्हटलं तसं तिचं गणित वेगळं, कारण मुळात ती चौकोनाची नाही. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये आलेल्या क्रोएशियन भाडोत्री शिपायांच्या गळ्यातल्या कापडावरून ते नाव पडलं. ते लांब पट्टे असायचे, पुढे टोकांना लेस लागली. तिच्या वर्णनात कधी गाठच नसते. १६९२ च्या स्टीनकर्कच्या लढाईत फ्रेंच अधिकाऱ्यांना घाईघाईत तयार व्हावं लागलं, त्यांनी टोकांना पीळ देऊन ती कोटाच्या काजात खुपसली, अशी आख्यायिका आहे. लढाई खरी, आणि त्या नावाची फॅशनही खरी. तिचं वर्णन: लांब पट्टा, घडी नाही, टोकांना पीळ, गाठ नाही, टोकं कोटाच्या काजातून. झालं.

आज क्रॅव्हॅट म्हणून जे मिळतं ते शिवलेलं असतं. मध्ये चुण्या घालून अरुंद केलेली मानेची पट्टी, दोन्हीकडे रुंद पल्ले. उघड्या कॉलरच्या शर्टात, कॉलरच्या आत, थेट कातडीवर ती बसते. टायसारखी कॉलरवरून नाही. क्रॅव्हॅटमध्ये जागेची एवढी एक गोष्ट चुकली की सगळं चुकलं.

गेल्या वर्षी धुळ्याच्या एका हौशी ग्रुपला जुन्या काळातल्या साहेबाच्या भूमिकेसाठी ती हवी होती. नट फोनवर म्हणाला, "आबा, टायची गाठ येते मला, तेवढी पुरेल ना?" पुरत नाही. मी त्याला असं सांगितलं: वरची दोन बटणं उघडी ठेवा. क्रॅव्हॅट कॉलरच्या आत मानेवर घ्या, एक पल्ला दुसऱ्यापेक्षा साधारण १५ सेंमी लांब. लांब पल्ला आखूड पल्ल्यावरून न्या, खालून मागे घ्या आणि मानेजवळच्या फटीतून वर काढा. हा एकच अढा, दुसरा घालायचा नाही. वर आलेला पल्ला त्या अढ्यावरून पुढे सोडा, चुण्या बोटांनी पसरा, म्हणजे अढा झाकला जाईल. दोन्ही पल्ले शर्टात खोचा.

म्हणजे समोरून जी फुगीर गाठ दिसते, ती गाठ नाहीच. तो एका अढ्यावर टाकलेला पल्ला आहे. पुष्कळ वर्णनांत "क्रॅव्हॅटची मोठी गाठ" असं वाचायला मिळतं, आणि वाचून बांधणारा दोन-तीन वेढे देऊन गळ्यावर पेरू बसवतो.

त्या नटाने बरोबर बांधली. पण माझ्याकडची क्रॅव्हॅट पॉलिस्टर सॅटिनची होती, आणि एक अढा सॅटिनला धरून ठेवत नाही. पहिल्या अंकात दोनदा डोकं हलवताच लांब पल्ला खाली घसरला आणि झाकलेला अढा उघडा पडला. मध्यंतरात त्याचा फोन आला. मी म्हटलं, वरचा पल्ला उचला, खालच्या अढ्यातून आडवी सेफ्टी पिन घाला, ती शर्टाला लावू नका, नाहीतर मान वळवताना शर्टच ओढला जाईल. मग पल्ला परत सोडा. आता मी ती क्रॅव्हॅट देताना पिन तिच्याच मानपट्टीला टोचून देतो.